दुसरी डिलिव्हरी गाडी घ्यावी की भाड्याचीच बरी? एनपीव्ही आणि पेबॅक लावून केलेला हिशेब

प्रश्न: फोंड्याला आमचा मसाले, फरसाण आणि लोणच्यांचा घाऊक पुरवठ्याचा धंदा आहे. एक गाडी स्वतःची आहे, ती पुरत नाही. ऑक्टोबर ते मार्च आठवड्याला पाच दिवस भाड्याचा पिकअप लागतो, एप्रिल-मेत तीन दिवस, पावसात एखादा दिवस आणि चवथीच्या आधी सहाएक दिवस सलग. रोजचे २,६०० रुपये, त्यात ड्रायव्हर आणि डिझेल आले. डीलर साडेआठ लाखांत गाडी देतो, हप्ता पंधरा हजार. तो म्हणतो, जानेवारीत तुम्ही छप्पन्न-सत्तावन्न हजार भाडे देता, दोन वर्षांत गाडी फुकट पडते. भाचा म्हणतो, आधी एनपीव्ही काढ. कोणाचे ऐकू?

उत्तर:

भाच्याचे ऐका. एनपीव्ही म्हणजे पुढची सगळी बचत आजच्या किमतीत आणून त्यातून आजची गुंतवणूक वजा केली की उरते ते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आज तरी नवी गाडी घेऊ नये असे माझे मत आहे, आणि ते काठावरचे मत नाही. पण आकडे कुठे बदलले की मत बदलेल तेही सांगतो, कारण तुमचा धंदा वाढता दिसतो आणि हाच हिशेब तुम्हाला पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागेल.

मी गोव्यातल्या लहान व्यापाऱ्यांचे खर्चाचे हिशेब बघतो. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत येतो आणि तिथेच गफलत सुरू होते. सीझन भरात असताना भाड्याची बिले डोळ्यांत भरतात, जुलैमध्ये भाड्याची गाडी क्वचितच लागते तेव्हा त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून पहिले काम वर्षाचे दिवस मोजण्याचे. ऑक्टोबर ते मार्च २६ आठवडे, पाच दिवसांप्रमाणे १३०. एप्रिल-मेचे नऊ आठवडे, तीन दिवसांप्रमाणे २७. पावसाचे १७ आठवडे, एकेक दिवस म्हणजे १७. चवथीचे ६. एकूण १८०. वर्षाचे भाडे झाले ४,६८,००० रुपये.

डीलरने काय केले बघा. साडेआठ लाखांना या पावणेपाच लाखांनी भागले की दोन वर्षांच्या आतले उत्तर येते. यालाच तो गाडी वसूल होणे म्हणतो. पण स्वतःची गाडी घेतल्यावर हे पावणेपाच लाख सगळे वाचत नाहीत. भाडेवाल्याच्या २,६०० मध्ये त्याचा ड्रायव्हर, डिझेल, टायर, विमा, गॅरेज सगळे असते. ते आता तुमच्या अंगावर येणार. वाचते ती फक्त दोन्हींतली तफावत, आणि पेबॅक काय, एनपीव्ही काय, दोन्ही त्या तफावतीवरच काढायचे.

ती तफावत दोन भागांत मांडली की पुढचे सोपे जाते. एक भाग गाडी चालली तरच होणारा. दिवसाला ११० किलोमीटर धरा, म्हणजे फोंड्याहून म्हापसा, कळंगुट करून परत, मध्ये थोडी गल्लीबोळांतली फिरती. लादलेली लहान गाडी लिटरला चौदाएक किलोमीटर देते, त्यामुळे डिझेल सुमारे ७०० रुपये. टायर, ऑइल, सर्व्हिस किलोमीटरला रुपयाच्या आसपास, म्हणजे दिवसाला शंभर. भाड्याचे २,६०० वाचले आणि हे ८०० गेले. गाडी रस्त्यावर असलेल्या प्रत्येक दिवशी १,८०० रुपये सुटले.

दुसरा भाग गाडी उभी असली तरी होणारा. ड्रायव्हरचा पगार १८,००० आणि चवथ-दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे वर्षाला २,३४,०००. विमा, फिटनेस, पीयूसी आणि किरकोळ मिळून ३६,०००. एकूण २,७०,०००. हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत, तुमचे वेगळे असतील तर तुमचे घाला. पण ड्रायव्हरचा आकडा शून्य धरू नका. आहे तोच माणूस चालवील, असे सगळे म्हणतात. तो आत्ता जे काम करतो ते मग कोण करणार?

आता १८० दिवसांचे १,८०० प्रमाणे ३,२४,००० होतात. त्यातून २,७०,००० वजा केले की वर्षाला हातात ५४,००० उरतात. आधीचे १५० दिवस तर नुसता ड्रायव्हर आणि कागदपत्रे भागवण्यातच जातात. गाडीची किंमत फेडायला उरतात शेवटचे तीस दिवस. खरे म्हटले तर गाडी महाग नाही. उरलेले दिवस बसून पगार घेणारा ड्रायव्हर महाग आहे.

गुंतवणुकीचा आकडा आता ठरवू. साडेआठ लाखांत गाडी आणि बंद बॉडी मिळून ७ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६,००० आणि नोंदणी वगैरे २४,००० असे धरतो. पहिल्या वर्षाचा विमा वर वार्षिक खर्चात घेतला आहे, डीलरच्या आकड्यात तो असेल तर तिथून वगळा. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. प्रवासी मोटारीचे क्रेडिट साधारणपणे अडते, तसे मालवाहू गाडीचे अडत नाही. तुम्ही नियमित जीएसटीत असाल आणि बिल धंद्याच्या जीएसटी क्रमांकावर घेतले, तर १,२६,००० चे क्रेडिट मिळते आणि खरी गुंतवणूक सुमारे सव्वासात लाख होते. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही, पूर्ण साडेआठ लाख धरावे लागतील. हे तुम्ही प्रश्नात लिहिलेले नाही. मी तुमच्या बाजूचा आकडा, म्हणजे ७,२५,००० घेतो.

पेबॅक म्हणजे घातलेला पैसा वार्षिक बचतीतून किती वर्षांत परत येतो ते. ७,२५,००० भागिले ५४,००० म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात मालवाहू गाडीचा पत्रा तेरा वर्षे धंद्यालायक राहील अशी आशा मी तरी करणार नाही. मी सहा वर्षे धरतो, आणि सहा वर्षांनी ती दोन लाखांना विकली जाईल असे धरतो. तेवढ्या काळात पैसे परतच येत नाहीत, म्हणजे पेबॅकने आधीच नकार दिला.

एनपीव्ही त्यापुढे एक गोष्ट सांगते. सहा वर्षांनी येणारा रुपया आणि आजचा रुपया एक नाहीत, म्हणून पुढचा प्रत्येक रुपया आजच्या किमतीत आणून बेरीज करायची आणि त्यातून आजची गुंतवणूक वजा करायची. कोणत्या दराने आणायचा? तोच पैसा तुमच्या धंद्यात दुसरीकडे लावला तर काय सुटेल, त्या दराने. तुमच्या धंद्यात हंगामात मिरची-हळदीचा साठा करण्यात पैसा गुंततो, त्यावर बँकेच्या व्याजापेक्षा थोडे जास्त सुटत असणार. मी १२ टक्के धरतो. या दराने सहा वर्षे दरवर्षी मिळणारा एक रुपया आजच्या ४.११ रुपयांएवढा असतो, आणि सहाव्या वर्षाअखेरचा एक रुपया सुमारे ५१ पैशांएवढा.

मग ५४,००० चे झाले सुमारे २,२२,०००. गाडी विकून येणाऱ्या दोन लाखांचे आज १,०१,०००. बेरीज ३,२३,०००. गुंतवणूक ७,२५,०००. एनपीव्ही उणे चार लाख दोन हजार. दर १० टक्के धरला तरी उणे पावणेचार लाखांच्या आसपास. म्हणजे १२ की १० यावर भाच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, निकाल दिवसांवर लागतो.

एक्सेलमध्ये करणार असाल तर B2 ते B7 मध्ये सहा वर्षांची बचत टाका, B7 मध्ये विक्रीचे दोन लाख मिळवा, आणि

```
=NPV(0.12,B2:B7)-725000
```

एवढेच लिहा. आजची गुंतवणूक कंसाच्या बाहेरच हवी. हे सूत्र पहिल्या रकान्यालाही एक वर्ष पुढचा समजते, त्यामुळे ७,२५,००० आत टाकले की ते उगाच जवळजवळ ११ टक्के लहान होतात. माझ्याकडे येणाऱ्या शीट्समध्ये ही चूक वारंवार दिसते.

दुसरी तितकीच सर्रास दिसणारी चूक हप्त्याची. गाडीची किंमत आज वजा केली असेल तर हप्ता पुन्हा खर्चात धरायचा नाही. व्याजाचा भार १२ टक्क्यांत आधीच आलेला आहे. हप्ता झेपतो का हा स्वतंत्र प्रश्न, आणि तो महत्त्वाचा आहेच, कारण जुलै-ऑगस्टमध्येही बँक पंधरा हजार कापणार. पण हप्ता झेपतो म्हणून गाडी फायद्याची ठरत नाही.

आता गाडी कधी फायद्याची ठरेल? एनपीव्ही शून्य होण्यासाठी वर्षाला सुमारे १,५२,००० सुटायला हवेत. त्यात पक्के २,७०,००० मिळवून १,८०० ने भागले की साधारण २३५ दिवस येतात. तुमच्या हिशेबातली ही सीमारेषा. कंपोझिशनमध्ये असाल तर ती २५१ वर जाते. वर्षात २८० दिवस गाडी चालली, तर बचत २,३४,००० होते, पेबॅक तीन वर्षांवर येतो आणि एनपीव्ही अधिक ३,३८,०००. तेव्हा मी बेधडक घ्या म्हणेन.

पण २३५ पर्यंत पोचणे ऐकायला वाटते तितके सोपे नाही. समजा सीझनमध्ये पाचऐवजी सहा दिवस गाडी लागली, १५६ झाले. एप्रिल-मेत तीनऐवजी पाच, ४५ झाले. पाऊस आणि चवथ तशीच, २३. एकूण २२४. म्हणजे अख्खा सीझन आणि उन्हाळा भरूनही रेषा ओलांडली जात नाही. ती ओलांडायला पावसातही आठवड्याला दोन फेऱ्या हव्यात. किनाऱ्यावरच्या हॉटेलांवर उभा असलेला धंदा पावसात ते देणार नाही. साखळी, वाळपई, कुडचडे, काणकोण इथली किराणा दुकाने देतील, कारण गावातल्या माणसाला लोणचे आणि मसाला बारा महिने लागतो. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा निर्णय तुमच्या बाबतीत गावांकडचा मार्ग उभा राहतो का यावर अवलंबून आहे, कळंगुटच्या डिसेंबरवर नाही. काही जण म्हणतात, पावसात दुसऱ्यांची भाडी मारू. त्या महिन्यांत सगळ्यांच्याच गाड्या उभ्या असतात. तो पैसा मी हिशेबात धरत नाही.

पेबॅकबद्दल इथेच एक सावधगिरी. २३५ दिवसांवर पेबॅक येतो पावणेपाच वर्षे. बाजारात पाच वर्षांच्या आत फिटले की चांगले, असा एक ठोकताळा आहे. त्या ठोकताळ्याने तुम्ही गाडी घ्याल आणि सहा वर्षे राबून एनपीव्ही शून्याच्या आसपास राहील. मी पेबॅक फायदा मोजायला वापरत नाही, धोका मोजायला वापरतो. तुमच्या सीझनच्या फेऱ्यांतला मोठा हिस्सा एक-दोन हॉटेलांचा असेल आणि त्यांचा पुरवठा दरवर्षी नव्याने ठरत असेल, तर तीन वर्षांचा पेबॅकही लांब आहे. फेऱ्या पन्नास दुकानांत विखुरलेल्या असतील तर चार वर्षे मला चालतील.

ड्रायव्हरची बाजू वेगळ्या रीतीने मांडून बघितली पाहिजे. गोदामातला एखादा मुलगा गाडी चालवणारा असेल, तर त्याला महिन्याला ५,००० वाढवून द्या आणि तो फेरीवर असेल त्या दिवशी गोदामात ६०० रुपये रोजाचा बदली माणूस घ्या. बोनसची वाढ धरून पक्का खर्च २,७०,००० वरून सुमारे १,०१,००० वर येतो, पण दिवसाला सुटणारी रक्कम १,८०० वरून १,२०० होते. १८० दिवसांवर वर्षाची बचत १,१५,०००, एनपीव्ही उणे दीड लाख. तोटा बराच कमी झाला, सीमारेषा २११ दिवसांवर आली, तरी उत्तर अजून नकाराचेच. मात्र ही व्यवस्था जमत असेल तर दोन वर्षांत तुम्ही त्या रेषेजवळ पोचू शकता, म्हणून ती विसरू नका.

भाडे दरवर्षी वाढणारच, मग आपली गाडी बरी, असा मुद्दा तुमच्या मनात आला असेल. भाडे वाढते ते मुख्यतः डिझेल आणि पगार वाढतो म्हणून, आणि तेच दोन खर्च तुमच्या गाडीलाही लागतात. सगळेच दुसऱ्या वर्षापासून ५ टक्क्यांनी वाढत गेले असे धरून मी पाहिले, तर १८० दिवसांच्या हिशेबात एनपीव्ही जेमतेम पंचवीस-सव्वीस हजारांनी सुधारते.

आयकराबद्दल थोडक्यात. तुम्ही ज्याला सगळे ४४एडी म्हणतात त्या अनुमानित नफ्याच्या पद्धतीने कर भरत असाल, तर भाडे असो की घसारा, कर बदलत नाही. वरचा हिशेब तसाच उभा राहतो. पूर्ण वह्या ठेवून कर भरत असाल तर बचतीवर कर लागतो आणि घसाऱ्याने थोडा कमी होतो. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीवर घसारा १५ टक्के मिळतो, ३० टक्क्यांचा दर भाड्याने चालवल्या जाणाऱ्या गाड्यांचा आहे. पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच. म्हणजे घ्यायचीच झाली तर ऑक्टोबर उजाडण्याआधी रस्त्यावर आणा. आणि ज्या जीएसटीचे क्रेडिट घेतले त्या रकमेवर घसारा धरता येत नाही. उणे चार लाखांचे अधिक करण्याइतकी ताकद यातल्या कशातच नाही.

पैशांत न दिसणारी एक गोष्ट मात्र मी पैशांत आणायला सांगेन. नाताळच्या आठवड्यात भाडेवाला आयत्या वेळी येत नाही आणि ऑर्डर हुकते, हे दुखणे खरे आहे. गेल्या सीझनची वही काढा, किती वेळा असे झाले आणि प्रत्येक वेळी किती नफा गेला ते लिहा. समजा सहा वेळा झाले आणि दर वेळी ३,००० गेले, तर वर्षाचे १८,००० झाले. हे गाडीच्या बाजूने दहा दिवस जास्त मिळाल्यासारखे आहे. मनस्ताप म्हणून लाख रुपये धरू नका, कारण स्वतःची गाडीही कधीतरी गॅरेजमध्ये असते आणि ड्रायव्हरही सुट्टी घेतो.

शेवटचा आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा. आपण गाडीची तुलना २,६०० च्या सुट्या भाड्याशी केली. पण तुमच्यासमोर तिसरा पर्याय आहे. एखाद्या पिकअपवाल्याशी ऑक्टोबर ते मार्चचा करार करा, महिन्याला २२ दिवस पक्के, दिवसाला २,३००. त्याला सीझनभर धंद्याची हमी मिळते, म्हणून तो दर उतरवायला तयार होतो. तुमचे १३० दिवसांवर ३०० प्रमाणे ३९,००० वाचतात, एक पैसाही न गुंतवता. आता गाडी घेऊन वाचणारे ५४,००० या नव्या भाड्याच्या तुलनेत फक्त १५,००० राहतात. तुलना नेहमी उपलब्ध पर्यायांतल्या सगळ्यात चांगल्याशी करायची असते, आणि आज चालू आहे तोच पर्याय चांगला असतो असे नाही. करारात दोन गोष्टी लिहून घ्या. गाडी बंद पडली तर बदली गाडी त्याने द्यायची, आणि डिझेल ठरावीक रुपयांपुढे वाढले तरच दर बदलायचा.

तेव्हा या सीझनला करार करा. सोबत एक साधी वही ठेवा, तारीख, मार्ग, किलोमीटर, गाडी आली की नाही, एवढेच चार रकाने. पुढच्या सप्टेंबरच्या सुरुवातीला दिवस मोजा, म्हणजे घ्यायची ठरली तर ऑक्टोबरआधी गाडी नोंदवायला वेळ राहील. मोजणी २३५ च्या आत असेल तर पुन्हा करार. त्यापुढे गेली आणि वाढलेले दिवस गावांकडच्या मार्गाचे असतील, तर नवा भाडेदर घालून हाच हिशेब परत मांडा. कराराचा दर तेव्हा टिकून असेल तर रेषा आणखी वीस-पंचवीस दिवसांनी वर सरकलेली असेल, हे ध्यानात घ्या.